पाच स्टॉप लॉस, एकच बिटकॉइन

जुलै २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात माझ्या खात्यात पाच कॉइन होते: इथर, सोलाना, ॲव्हालांच, चेनलिंक आणि डोजकॉइन. पाचही स्पॉटमध्ये घेतलेले, उधारीवर काही नाही. प्रत्येकामागे माझ्याकडे वेगळं कारण होतं. इथरचे स्पॉट ईटीएफ अमेरिकेत २३ जुलैला सुरू झाले होते. सोलानावर मीम कॉइनची उलाढाल जोरात चालली होती. ॲव्हालांच बराच पडून एका पातळीवर टेकला होता, चेनलिंक एका रेषेच्या वर बंद झाला होता आणि डोजचा चार्ट मला नुसता चार्ट म्हणून आवडला होता. प्रत्येक सौद्यात खात्याच्या १ टक्क्यापेक्षा जास्त जोखीम घ्यायची नाही हा नियम मी पाळत होतो आणि पाचांचेही स्टॉप लॉस, म्हणजे भाव ठराविक पातळीपर्यंत पडला की आपोआप विकण्याच्या ऑर्डर, लावलेले होते. सहावा कॉइन घ्यायच्या विचारात होतो.

रविवारी भाचा घरी आला होता. तो पुण्यात इंजिनीअरिंगला आहे आणि बाजारापेक्षा त्याला आकड्यांत रस जास्त. यादी बघून तो म्हणाला, "मामा, उद्या बिटकॉइन पडला तर यातलं वर काय जाईल?" मी म्हटलं, "वर कशाला जाईल काही? पण सगळे सारखे पडणार नाहीत." "सारखे म्हणजे किती सारखे, ते मोजलंत का तुम्ही?" मोजलं नव्हतं. ते मोजायला आम्ही त्याच संध्याकाळी बसलो आणि तेव्हा जी पद्धत हाती आली ती मी आजही वापरतो. ती कशी घडत गेली ते इथे लिहितो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

पहिलं काम म्हणजे डेटा. शेवटच्या ९१ दिवसांचे रोजचे बंद भाव आम्ही एका स्प्रेडशीटमध्ये घेतले, बी स्तंभात बिटकॉइन आणि पुढच्या स्तंभांत बाकीचे पाच. भाचा लगेच भावांचाच सहसंबंध काढायला निघाला. तिथे त्याला थांबवावं लागलं. दोन कॉइन तीन महिने हळूहळू वर चढत असतील, तर रोजच्या हालचालीत त्यांचा काही संबंध नसला तरी भावांचा सहसंबंध मोठा दिसतो. आपल्याला भाव नको, रोजचा बदल हवा. म्हणून प्रत्येक भावाचं आदल्या दिवसाच्या भावाशी गुणोत्तर घेऊन त्याचा लॉग काढला आणि मग त्या बदलांवर दोन सूत्रं चालवली. बदलांच्या पानावर बी स्तंभ बिटकॉइनचा आणि सी स्तंभ इथरचा होता:

```
=LN(B3/B2)
=CORREL(C3:C92, B3:B92)
=SLOPE(C3:C92, B3:B92)
```

पहिली ओळ रोजचा बदल देते, तिच्यातला बी स्तंभ भावांच्या पानावरचा आहे. दुसरी सांगते की दोघं किती एकत्र चालतात, म्हणजे शून्य ते एकच्या मोजपट्टीवर कुठे बसतात (ऋण आकडाही येऊ शकतो, पण या बाजारात तो क्वचितच दिसतो). तिसरी ओळ बीटा देते: बिटकॉइन १ टक्का हलला तर हा कॉइन सरासरी किती टक्के हलतो. SLOPE मध्ये आधी ऑल्टकॉइन, म्हणजे बिटकॉइन सोडून दुसरा कुठलाही कॉइन, आणि नंतर बिटकॉइन लिहायचा. क्रम उलटा झाला तर आकडा येतो, पण तो बीटा नसतो, आणि बघून ते कळतही नाही.

एक बारीकशी गोष्ट इथे नमूद करतो, कारण तिने आमचा अर्धा तास खाल्ला. चेनलिंकचा सहसंबंध आम्हाला फारच कमी आला, ०.४ च्या आसपास. वाटलं, सापडला वेगळा कॉइन. पण त्याचे भाव आम्ही दुसऱ्या ठिकाणाहून घेतले होते आणि तिथे दिवस भारतीय मध्यरात्रीला संपत होता. मोठ्या आंतरराष्ट्रीय एक्स्चेंजवर दिवसाची कॅंडल यूटीसीच्या शून्य वाजता बंद होते, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. साडेपाच तास सरकलेले दोन दिवस एकमेकांसमोर ठेवले की सहसंबंध खोटाच कमी दिसतो. वेळ जुळवली तेव्हा चेनलिंकही बाकीच्यांच्या रांगेत येऊन बसला. ज्या छोट्या कॉइनमध्ये सौदे फारच कमी होतात त्यांचंही असंच होतं. शेवटचा सौदा काही तासांपूर्वीचा असतो, बिटकॉइन मधल्या काळात हललेला असतो आणि तक्त्यात तो कॉइन स्वतंत्र भासतो. त्यामुळे आता कुठल्याही कॉइनचा सहसंबंध ०.५ च्या खाली दिसला की मी आधी वेळ आणि उलाढाल तपासतो, मग विश्वास ठेवतो.

वेळ जुळवल्यावर आमचे बीटा असे आले: इथर १.३, सोलाना १.६, ॲव्हालांच १.७, चेनलिंक १.५, डोज १.६. सहसंबंध सगळ्यांचे मोठे होते. एवढ्यावर थांबलो असतो तर "हो, सगळे बिटकॉइनबरोबर हलतात" एवढंच कळलं असतं आणि ते कुणालाही माहीत असतं. माझ्या दृष्टीने खरं काम पुढच्या पायरीत झालं. आम्ही प्रत्येक स्टॉप लॉस बिटकॉइनच्या भावात बदलून बघितला.

खातं ५ लाखांचं धरा. प्रत्येक सौद्यात ५,००० रुपयांची जोखीम. इथरमध्ये ६०,००० रुपये होते, म्हणजे स्टॉप साधारण ८.३ टक्के खाली. सोलानात ५०,०००, स्टॉप १० टक्के खाली. ॲव्हालांच आणि चेनलिंकमध्ये प्रत्येकी ४०,०००, स्टॉप साडेबारा टक्के खाली. डोजमध्ये ३५,०००, स्टॉप १४.३ टक्के खाली. नुसते बघितले तर हे स्टॉप चांगले पसरलेले वाटतात, ८ टक्क्यांपासून १४ टक्क्यांपर्यंत. आता प्रत्येकाला त्याच्या बीटाने भागा. इथर ८.३ टक्के पडायला बिटकॉइन ६.४ टक्के पडावा लागतो. सोलानाला ६.२५ टक्के पुरतात, ॲव्हालांचला ७.४, चेनलिंकला ८.३ आणि डोजला ८.९.

त्या रविवारी, २८ जुलैला, बिटकॉइन ६८,००० डॉलरच्या आसपास होता. म्हणजे माझे पाच स्टॉप बिटकॉइनच्या चार्टवर ६३,७५० पासून ६१,९५० पर्यंत लागलेले होते. पाचही अठराशे डॉलरच्या पट्ट्यात. बिटकॉइन तेवढं अंतर कधीकधी एका तासात कापतो. भाच्याने चार्टवर त्या पाच आडव्या रेषा ओढल्या आणि काही बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती. त्या पाच वेगळ्या कारणांची ती एकच पैज होती: बिटकॉइन ६२-६३ हजारांच्या खाली जाणार नाही. आणि त्या पैजेवर खात्याचे १ नव्हे, ५ टक्के लागलेले होते.

रकमांचा हिशोबही तेच सांगत होता. कॉइनमध्ये एकूण २,२५,००० रुपये होते. प्रत्येक रक्कम तिच्या बीटाने गुणून बेरीज केली, तर बिटकॉइनच्या भाषेत ती ३,४२,००० रुपये भरते. खात्याचा जेमतेम ४५ टक्के हिस्सा बाजारात आहे अशी माझी समजूत होती. परिणाम मात्र ६८ टक्के बिटकॉइन घेतल्यासारखा होता.

मग भाच्याने कॉलेजातलं एक सूत्र काढलं. समजा तुमच्याकडे सारख्या आकाराच्या आणि सारख्या चढउताराच्या n पोझिशन आहेत आणि त्यांचा आपापसातला सरासरी सहसंबंध r आहे. तर त्या प्रत्यक्षात किती स्वतंत्र पोझिशनइतक्या आहेत?

```
n / (1 + (n-1)*r)
```

आमच्या पाच कॉइनचा आपापसातला सरासरी सहसंबंध ०.८ च्या जवळ होता. पाच भागिले ४.२, म्हणजे १.२. सहावा घेतला असता तर सहा भागिले पाच, पुन्हा १.२ च. दहा घेतले तर १.२२. आणि ०.८ सहसंबंध असलेले कितीही कॉइन गोळा केले तरी हा आकडा १.२५ च्या वर जाऊच शकत नाही. सहाव्या कॉइनने मला वैविध्य म्हणून जवळजवळ काहीच दिलं नसतं, जोखीम मात्र आणखी १ टक्का वाढवली असती. सहावा न घेण्याचा निर्णय या एका आकड्यावर झाला.

त्या रात्री मी ठरवलं की बिटकॉइनबरोबर चालणारे सगळे कॉइन मिळून एक सौदा मानायचा आणि त्या एका सौद्याला जास्तीत जास्त २ टक्के जोखीम द्यायची. ती किती कॉइनमध्ये वाटायची हा नंतरचा प्रश्न. ॲव्हालांच, चेनलिंक आणि डोज सोमवारी विकले. इथर आणि सोलाना ठेवले, कारण उलाढाल सगळ्यात मोठी त्यांचीच होती आणि वाईट दिवशी त्यांतून बाहेर पडणं सोपं जातं. उरलेल्या दोघांची जोखीम मिळून बरोबर १०,००० रुपये.

पुढच्या आठवड्यात काय झालं ते बहुतेकांना ५ ऑगस्ट म्हणून आठवतं. जपानच्या मध्यवर्ती बॅंकेने ३१ जुलैला व्याजदर वाढवला होता, येनमध्ये स्वस्त कर्ज काढून जगभर गुंतवलेले पैसे मागे फिरू लागले, सोमवारी ५ तारखेला निक्केई एका दिवसात १२ टक्क्यांहून अधिक पडला आणि बिटकॉइन ५८ हजारांच्या आसपासून ४९ हजारांपर्यंत घसरला. पण माझे दोन्ही स्टॉप त्याच्या आधीच लागले होते. शुक्रवारी, २ ऑगस्टला, बिटकॉइन ६२ हजारांच्या खाली गेला होता. रविवारच्या आमच्या पाच रेषा त्याने तेव्हाच ओलांडल्या होत्या. जे तीन कॉइन विकले होते त्यांचे स्टॉपही सोमवारपर्यंत लागलेच असते, हे मी नंतर भाव बघून तपासलं. २५,००० च्या जागी १०,००० आणि स्टॉपच्या थोडं खाली विकलं गेल्याचं नुकसान, एवढ्यात सुटलो. यात पैसे मिळाले नाहीत, गेलेच. पण किती जातील हे आधी माहीत होतं, आणि मला तेच हवं होतं.

सोमवारच्या पडझडीने बीटाची परीक्षाही घेतली. इथर २,७०० च्या आसपासून २,२०० च्या खाली गेला, साधारण २० टक्के. बिटकॉइनची १५ टक्के घसरण गुणिले १.३ म्हणजे जवळजवळ तेवढंच. त्यामुळे पुढचं वर्षभर माझा या आकड्यावर चांगला विश्वास बसला, आणि त्याची मर्यादा कुठे आहे ते २०२५ मध्ये कळलं.

१० ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. ट्रम्प यांनी चिनी मालावर आणखी १०० टक्के आयातशुल्काची घोषणा केली. आपल्याकडे तेव्हा शनिवारची पहाटही उजाडली नव्हती. बिटकॉइन त्या दिवसात एक लाख वीस हजारांच्या वरून एक लाख पाच हजारांच्या आसपास आला, म्हणजे १३-१४ टक्के. माझ्या तक्त्यातल्या बीटाप्रमाणे डोज २१-२२ टक्के पडायला हवा होता. काही एक्स्चेंजवर तो निम्म्याहून खाली जाऊन आला. कॉसमॉस तर एका ठिकाणी क्षणभर जवळजवळ शून्यावर दिसला. एका दिवसात १९ अब्ज डॉलरहून अधिक किमतीच्या पोझिशन सक्तीने बंद झाल्या. क्रिप्टोच्या इतिहासात तोपर्यंत एवढं कधी झालं नव्हतं.

बीटा का चुकला हे समजून घेण्यासारखं आहे. बीटा हा साध्या दिवसांची सरासरी सांगतो. साध्या दिवशी खरेदीच्या ऑर्डर लावून बसलेले मोठे मार्केट मेकर असतात. त्या रात्री त्यांनी ऑर्डर मागे घेतल्या. बिटकॉइनच्या ऑर्डर बुकात तरीही खोली राहिली, ऑल्टकॉइनच्या बुकात ती उरलीच नाही, आणि सक्तीची विक्री रिकाम्या पायऱ्यांवरून खाली येत गेली. त्यात क्रॉस मार्जिन. एका खात्यात दहा पोझिशन आणि सगळ्यांना एकच तारण असेल, तर एक बुडाली की तारण कमी होतं, मग दुसरी बंद पडते, तिच्या विक्रीने तिसरीचा भाव पडतो. तारणच ऑल्टकॉइनमध्ये ठेवलं असेल तर तेही त्याच वेळी आटतं. हे कॉइन एकत्र का पडतात याचं मोठं कारण मला इथे दिसतं. त्यांचे धंदे सारखे नाहीत, पण धरणारे हात तेच आहेत, आणि अडचणीत आलेला हात जे विकता येईल ते विकतो.

त्या रात्रीनंतर माझ्या ओळखीतल्या एकाचा फोन आला. तो माझ्यापेक्षा मोठा व्यवहार करतो आणि त्याने आपली जोखीम व्यवस्थित झाकली होती असंच कुणीही म्हटलं असतं. चार ऑल्टकॉइनचे लॉंग, म्हणजे भाव वाढला तर फायदा, आणि समोर तेवढ्या बीटाचा बिटकॉइनचा शॉर्ट, म्हणजे भाव पडला तर फायदा. बिटकॉइन पडला तर शॉर्टमध्ये मिळेल ते लॉंगमध्ये जाईल, उरेल तो फक्त ऑल्टकॉइनचा स्वतःचा जोर. कागदावर बरोबर. पण त्या रात्री तोट्यात गेलेल्या खात्यांची भरपाई करायला विमा निधी पुरत नव्हता, तेव्हा एक्स्चेंजने फायद्यातल्या पोझिशन आपणहून बंद करायला सुरुवात केली. याला ऑटो डिलिव्हरेजिंग म्हणतात आणि ती सोय नियमांत लिहिलेली असते. त्याचा शॉर्ट फायद्यात होता, म्हणून तो बंद झाला. चार लॉंग तसेच उघडे राहिले, तेही ऐन घसरणीत. फोनवर तो मला म्हणाला, "दादा, छत्री होती, पाऊस आल्यावर काढून घेतली." माझ्याकडे यावर काही उत्तर नव्हतं.

त्याच्या हिशोबात आणखी एक गोष्ट सुटली होती, आणि ती साध्या दिवसांतही सुटते. समजा प्रत्येक ऑल्टकॉइनचा बिटकॉइनशी सहसंबंध ०.७५ आहे. त्यांना जोडणारी गोष्ट फक्त बिटकॉइनच असती, तर त्यांचा आपापसातला सहसंबंध ०.७५ गुणिले ०.७५, म्हणजे ०.५६ च्या आसपास यायला हवा. माझ्या तक्त्यात तो ०.८ येतो. मधला फरक कुठून आला? ऑल्टकॉइनची म्हणून एक वेगळी लाट असते. लोकांना जोखीम हवी असते तेव्हा ते बिटकॉइनमधून ऑल्टकॉइनमध्ये येतात आणि भीती वाटली की सगळ्यांतून एकदम बाहेर पडतात. बिटकॉइनचा शॉर्ट त्या लाटेला झाकत नाही. २०२४ भर आणि २०२५ च्या वसंतापर्यंत इथरचा बिटकॉइनमधला भाव घसरत राहिला, ०.०५ च्या वरून ०.०२ च्याही खाली. या काळात इथर लॉंग आणि बिटकॉइन शॉर्ट धरणाऱ्याला बिटकॉइन वर गेला की खाली याची चिंता नव्हती, तरी त्याचं नुकसान होतच राहिलं. पाच लॉंग आणि एक शॉर्ट मिळून दोन पैजा होतात: एक उरलेल्या बिटकॉइनची आणि एक ऑल्टकॉइनच्या लाटेची. सहा होत नाहीत.

म्हणून ऑक्टोबर २०२५ नंतर मी तक्त्यात एक स्तंभ वाढवला. ९० दिवसांचा बीटा आहेच, त्याच्या शेजारी फक्त असे दिवस घेतो जेव्हा बिटकॉइन ३ टक्क्यांहून जास्त पडला. त्या दिवसांत हा कॉइन बिटकॉइनच्या किती पट पडला त्याची सरासरी काढतो. दोन आकड्यांतला मोठा आकडा आकार ठरवायला वापरतो. आणि स्टॉप लॉस ज्या भावाला लावला त्याच भावाला विकला जाईल हे गृहीत धरायचं सोडलं. छोट्या कॉइनमध्ये स्टॉपच्या दुप्पट नुकसान झालं तरी खातं उभं राहील, एवढीच रक्कम ठेवतो. हे काही शास्त्र नाही. माझी पुरेशी झोप होईल असा तो आकडा आहे.

खरोखर वेगळी पैज कशी दिसते, हे भाच्याने मला नंतर विचारलं होतं. मी त्याला १३ जुलै २०२३ चा एक्सआरपीचा चार्ट दाखवला. न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात न्यायाधीश ॲनालिसा टोरेस यांनी अमेरिकी सिक्युरिटीज आयोग विरुद्ध रिपल कंपनी या खटल्यात निकाल दिला की एक्स्चेंजवर सामान्य खरेदीदारांना झालेली एक्सआरपीची विक्री रोख्यांची विक्री ठरत नाही. काही तासांत एक्सआरपी दीडपटीहून वर गेला. बिटकॉइन त्या दिवशी त्या मानाने थोडाच हलला. त्या सौद्याचं यशापयश न्यायालयाच्या एका कागदावर होतं, बिटकॉइनच्या चार्टवर नव्हतं. मी आता प्रत्येक नव्या कॉइनला हाच प्रश्न विचारतो: बिटकॉइन पुढचा महिनाभर जागचा हलला नाही, तरी हा कॉइन वर जावा असं काही ठराविक घडणार आहे का, आणि ते साधारण कधी? उत्तर "चार्ट चांगला दिसतोय" असेल तर तो कॉइन २ टक्क्यांच्या गटातच जातो आणि तिथे जागा असेल तरच घेतो. २०२४ च्या माझ्या पाच कारणांपैकी फक्त इथरच्या ईटीएफला तारीख होती, आणि ती तारीख मी घेण्याआधीच उलटून गेली होती.

पण निकालाची वाट बघणारा कॉइनही बिटकॉइनपासून पूर्ण सुटत नाही. निकालाच्या आदल्या आठवड्यात बिटकॉइन १० टक्के पडला तर तोही पडतो. त्यामुळे त्याच्या जोखमीतला निम्मा भाग मी बिटकॉइनच्या गटात मोजतो आणि निम्मा वेगळा. निम्मा का, तर त्याहून बारीक मोजण्याइतका या आकड्यांत दम नाही.

भारतात राहून हे करणाऱ्यांसाठी करांचा भाग वेगळा लिहावा लागतो, कारण त्याने एक पैज पाच तुकड्यांत करणं आणखी महाग पडतं. प्राप्तिकर कायद्याप्रमाणे २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, सेस वेगळा, आणि एका कॉइनमधला तोटा दुसऱ्या कॉइनमधल्या नफ्यातून वजा करता येत नाही. समजा तुम्ही चार कॉइन घेतले. दोनमध्ये प्रत्येकी १०,००० मिळाले, दोनमध्ये प्रत्येकी ८,००० गेले. हातात राहिले ४,०००. कर मात्र २०,००० च्या नफ्यावर, म्हणजे ६,०००. चारही सौदे मिळून बाजारात फायदा झाला आणि कर भरल्यावर २,००० चा तोटा. तीच रक्कम एकाच कॉइनमध्ये असती आणि तोच ४,००० चा नफा झाला असता, तर कर १,२०० बसला असता. शिवाय प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर पैसा अडकून पडतो. स्वतंत्र पैजा असत्या तर एकीचा तोटा दुसरीने भरून निघण्याचा काही तरी फायदा मिळाला असता. एकत्र चालणाऱ्या कॉइनमध्ये तो फायदा जेमतेम मिळतो आणि कर पूर्ण द्यावा लागतो.

या सगळ्यामुळे माझी यादी आता लहान असते. बिटकॉइनबद्दल मत तेजीचं असेल तर बहुतेक वेळा मी बिटकॉइनच घेतो, फार तर जोडीला इथर. रविवारी पहाटे साडेपाचची कॅंडल बंद झाली की बीटा पुन्हा काढतो आणि उघड्या प्रत्येक स्टॉपची रेषा बिटकॉइनच्या चार्टवर ओढतो. दोन रेषा २ टक्क्यांपेक्षा जवळ आल्या की त्यांतला एक कॉइन विकतो, ज्याची उलाढाल कमी तो.